सरळ रेषा, पण शून्यातून न जाणारी

ओहमच्या नियमाच्या प्रयोगात सगळ्यात जास्त खाडाखोड होते ती निरीक्षण तक्त्याच्या शेवटच्या रकान्यापायी. विभवांतराला विद्युतधारेने भागायचं, रोध काढायचा, आणि तो प्रत्येक ओळीत सारखा यायला हवा अशी अपेक्षा असते. तो सारखा येत नाही. मग मुलं मागे जाऊन धारेचे आकडे ‘सुधारतात’. न जुळणारे हे आकडे तसेच ठेवून आलेख काढला, तर चूक कुठे आहे ते तोच सांगतो.

जोडणी सोपी आहे. बॅटरी, प्लग की, रिओस्टॅट, अॅमीटर आणि रोधक एकसर जोडायचे; व्होल्टमीटर मात्र रोधकाच्या दोन टोकांना समांतर लावायचा. रिओस्टॅटची सरकपट्टी हलवली की परिपथातली धारा बदलते आणि तिच्याबरोबर रोधकावरचं विभवांतरही. समजा, रोधकावर १० ओहम दाखवणारे रंगीत पट्टे आहेत आणि शेवटचा पट्टा सोनेरी आहे. म्हणजे त्याचा खरा रोध ९.५ ते १०.५ ओहमच्या दरम्यान असायला हवा. अॅमीटरच्या पट्टीवरचा सर्वांत लहान भाग १० मिलिअँपिअरचा आहे. वाचनं अशी मिळाली (समजायला सोपी जावीत म्हणून आकडे जरा नीटनेटके घेतले आहेत):

| विभवांतर (व्होल्ट) | धारा (मिलिअँपिअर) | रोध (ओहम) |
|---|---|---|
| ०.५ | ६० | ८.३ |
| १.० | ११० | ९.१ |
| १.५ | १६० | ९.४ |
| २.० | २१० | ९.५ |
| २.५ | २६० | ९.६ |

रोध वाढतच चालला आहे. सरासरी काढली तर सुमारे ९.२ ओहम येते, म्हणजे सोनेरी पट्ट्याने दिलेल्या मर्यादेच्याही बाहेर. नियम खोटा की रोधक खराब?

आता आडव्या अक्षावर विभवांतर आणि उभ्या अक्षावर धारा घेऊन पाचही बिंदू मांडा. ते एका सरळ रेषेत बसतात, फक्त ती रेषा मागे वाढवली की आरंभबिंदूतून न जाता उभ्या अक्षाला १० मिलिअँपिअरवर छेदते. विभवांतर शून्य असताना रोधकातून धारा वाहणार नाही. तेव्हा हे १० मिलिअँपिअर अॅमीटरचेच: की उघडी असतानाही त्याचा काटा शून्याच्या एक भाग पुढे उभा होता. याला शून्यत्रुटी म्हणतात. ६० मिलिअँपिअरमध्ये १० जास्तीचे असले तर मोठा फरक पडतो, २६० मध्ये तेवढा नाही. म्हणून रोध वर चढत गेल्यासारखा दिसला. रेषेच्या चढावर मात्र या त्रुटीचा काहीच परिणाम होत नाही. विभवांतर २ व्होल्टने वाढलं तेव्हा धारा २०० मिलिअँपिअरने वाढली, म्हणजे रोध बरोबर १० ओहम. माझ्या मते तक्त्यातली सरासरी काढायला लावणंच बंद करावं आणि उत्तर चढावरूनच घ्यावं.

रेषा सरकणं वेगळं आणि रेषा वाकणं वेगळं. वाकली तर संशय उष्णतेवर घ्यायचा. २.५ व्होल्टला या रोधकात सुमारे ०.६ वॅट शक्ती खर्च होते. पाव वॅटचा इवलासा रोधक त्याने चटका बसण्याइतका तापेल, म्हणून निदान १ वॅटचा घ्यावा आणि वाचन झालं की लगेच की उघडावी. विभवांतर चढवत घेतलेली वाचनं उतरवताना पुन्हा घ्यावीत. दोन्ही जुळली नाहीत तर मधल्या काळात काहीतरी तापलं आहे किंवा बॅटरी उतरली आहे. या दुसऱ्या अडचणीने खुद्द गेओर्ग ओहमलाही छळलं होतं. त्या काळच्या विद्युतघटांची धारा स्थिर राहीना, म्हणून पोगेनडॉर्फच्या सल्ल्याने त्याने तांबं आणि बिस्मथ यांचं तापयुग्म वापरलं, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून. १८२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथामागे ही स्थिर मोजमापं होती.

व्होल्टमीटरचीही एक मर्यादा आहे. काट्याचा व्होल्टमीटर स्वतःही थोडी धारा घेतो. त्याचा रोध ३,००० ओहम असेल, तर १० ओहमच्या रोधकाशेजारी ती धारा नगण्य ठरते. पण रोधक १०,००० ओहमचा घेतला, तर बहुतेक धारा व्होल्टमीटरमधूनच जाईल आणि दोघांचा मिळून रोध सुमारे २,३०० ओहम भरेल. आलेख तरीही सुरेख सरळ येईल, आरंभबिंदूतूनही जाईल. फक्त उत्तर साफ चुकीचं असेल. ही त्रुटी आलेखात पकडता येत नाही. त्यासाठी डिजिटल मल्टिमीटर लावून पाहावा लागतो, कारण त्याचा रोध सहसा १ कोटी ओहमच्या आसपास असतो.

रोधकाच्या जागी टॉर्चचा तारेचा बल्ब लावला, तर प्रत्येक वाचन अचूक असूनही रेषा वाकते. तापलेल्या टंगस्टनचा रोध थंड तारेच्या कित्येक पट असतो, त्यामुळे विभवांतर दुप्पट केलं तरी धारा दुप्पट होत नाही. विभवांतर भागिले धारा हा भागाकार बल्बसाठीही करता येतोच. पण तो बदलत राहतो, आणि ओहमचा नियम म्हणतो की तापमान स्थिर असेल तर तो बदलू नये.