मॅप म्हणतो ‘हेड नॉर्थ’, पण वळायचं डावीकडे की उजवीकडे?

मॅपवर पत्ता टाकला, ‘स्टार्ट’ दाबलं आणि पहिलीच सूचना आली, ‘हेड नॉर्थ’. म्हणजे उत्तरेकडे निघा. पुढच्या सगळ्या सूचना मात्र सरळ भाषेत असतात. दोनशे मीटरवर डावीकडे वळा, सिग्नलला उजवीकडे वळा. मग पहिल्याच पावलाला अ‍ॅप उत्तर-दक्षिण का सांगतं? आणि भर रस्त्यात उभं राहून ही उत्तर आपल्या डाव्या-उजव्या हातात कशी बसवायची?

अ‍ॅपला तुमचं तोंड दिसत नाही

डावं-उजवं हे माणसाला चिकटलेलं असतं. तुम्ही मागे वळलात की तुमचं डावं-उजवं बदलतं. उत्तर मात्र जागची हलत नाही. त्यामुळे ‘डावीकडे वळा’ असं सांगायचं तर सांगणाऱ्याला आधी तुमचं तोंड कुठे आहे ते माहीत हवं.

जीपीएस फक्त तुमची जागा सांगतो. तुम्ही एका जागी उभे असाल तर तुमचं तोंड कुठे आहे, हे त्याला कळत नाही. तुम्ही चालायला लागलात की मगाशी इथे होता, आता तिथे आहात, यावरून तुमची दिशा ठरते. म्हणून दुसऱ्या सूचनेपासून अ‍ॅप डावं-उजवं सांगू शकतं. पहिल्या सूचनेच्या आधी ‘मगाशी’ नसतंच. तेव्हा अ‍ॅपकडे एकच खात्रीची गोष्ट असते, ती म्हणजे तुम्हाला ज्या रस्त्यावरून जायचंय तो कोणत्या दिशेला जातो.

अनेक नकाशा सेवा वापरतात त्या ‘ओएसआरएम’ या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये हे स्पष्ट दिसतं. त्यात प्रत्येक वळणासाठी दोन कोन नोंदवलेले असतात, वळणाआधीचा आणि वळणानंतरचा. प्रवासाच्या पहिल्या पायरीला आधीचा कोन नुसता शून्य धरलेला असतो. कारण तो माहीतच नसतो.

मग राहिलेलं गणित तुम्हीच करायचं

होकायंत्राच्या भाषेत उत्तर म्हणजे ० अंश, पूर्व ९०, दक्षिण १८० आणि पश्चिम २७०. जिकडे जायचं त्या अंशांतून तुमचं तोंड जिकडे आहे ते अंश वजा करा. उत्तर उणे आलं तर त्यात ३६० मिळवा. ० च्या आसपास आलं तर सरळ जा, ९० आलं तर उजवीकडे, १८० आलं तर मागे फिरा, २७० आलं तर डावीकडे.

रस्त्यावर एवढी वजाबाकी कुणी करत बसत नाही. त्यापेक्षा शाळेत शिकलेली युक्ती सोपी. उगवत्या सूर्याकडे तोंड केलं की डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण आणि पाठीमागे पश्चिम. चारपैकी एक दिशा पक्की झाली की बाकीच्या तीन आपोआप मिळतात. खरा प्रश्न ती एक दिशा शोधायचा आहे.

दादरचं उदाहरण घेऊ

समजा, साताऱ्याहून आलेली एक विद्यार्थिनी सकाळी परीक्षेसाठी दादरला उतरली. केंद्र पश्चिमेला, माटुंगा रोडच्या बाजूला आहे. ती स्टेशनच्या पश्चिमेकडून बाहेर सेनापती बापट मार्गावर आली. मॅप म्हणतो, या रस्त्याने उत्तरेकडे जा, मग डावीकडे वळा. समोर फेरीवाले, टॅक्सी, गर्दी. आता कुठे वळायचं?

मुंबईत रेल्वेचे रूळ हेच मोठं होकायंत्र आहे. दादरला रूळ साधारण दक्षिणोत्तर जातात. विरार उत्तरेला, चर्चगेट दक्षिणेला. म्हणूनच मुंबईकर ‘विरार साइड’ आणि ‘चर्चगेट साइड’ असं बोलतात. स्टेशनांची नावं ‘ईस्ट’ आणि ‘वेस्ट’ अशी विभागलेली आहेत तीही रुळांच्या कोणत्या बाजूला आहात यावरून.

ती पश्चिमेला बाहेर पडली आहे. तिने स्टेशनकडे पाठ केली की तिचं तोंड पश्चिमेला येतं. पश्चिमेकडे तोंड असताना उत्तर उजव्या हाताला असते. वजाबाकीतही तेच येतं. ० मधून २७० वजा केले की उणे २७०, त्यात ३६० मिळवले की ९०. म्हणजे उजवीकडे.

हीच मुलगी दादर पूर्वेला बाहेर पडली असती तर? स्टेशनकडे पाठ केल्यावर तोंड पूर्वेला आणि उत्तर डाव्या हाताला. सूचना तीच, ‘हेड नॉर्थ’, पण वळण उलटं. म्हणून दादरला नेहमी येणाऱ्या मैत्रिणीने फोनवर ‘बाहेर पडलीस की उजवीकडे जा’ असं सांगितलं, तरी कोणत्या बाजूने बाहेर पडायचं ते विचारायलाच हवं.

इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. ‘स्टेशनकडे पाठ’ हे मुद्दाम करावं लागतं. पादचारी पुलाचे काही जिने रुळांना समांतर उतरतात. अशा जिन्यावरून उतरलात तर तोंड पश्चिमेला नसून उत्तरेला किंवा दक्षिणेला असतं. म्हणून आधी थांबायचं, स्टेशन पाठीशी घ्यायचं आणि मगच हात मोजायचा.

ही युक्ती सगळीकडे लावू नका. पुणे स्टेशनजवळ रूळ साधारण पूर्व-पश्चिम जातात. तिथे स्टेशनकडे पाठ केली की तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला येतं. नवीन गावात आधी नकाशा उत्तर वर ठेवून बघायचा आणि रूळ, नदी किंवा मोठा रस्ता कसा जातो ते पाहून घ्यायचं.

दुसरी सूचना वाचली की पहिली तपासता येते

मुंबईत पश्चिमेला समुद्र आहे. उत्तरेकडे जाताना डावं वळण म्हणजे पश्चिम, म्हणजे समुद्राच्या बाजूला. तिचं केंद्र रुळांपासून समुद्राकडे असेल तर ‘उत्तर, मग डावीकडे’ हे बरोबर जुळतं.

आता ती चुकून दक्षिणेला, प्रभादेवीच्या दिशेने निघाली असं धरा. तिथे ‘डावीकडे’ म्हणजे पूर्व, म्हणजे थेट रुळांच्या अंगावर. पहिली दिशा उलटी झाली की पुढचं प्रत्येक वळण उलटं पडतं. नेव्हिगेशन चालू असेल तर अ‍ॅप थोड्या वेळाने नवा मार्ग देतं. पण कुणी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून किंवा सूचनांची यादी वाचून चालत असाल तर सावध करणारं कुणी नसतं. म्हणून निघण्याआधी पुढची सूचना वाचा आणि ते वळण तुम्हाला रुळांकडे नेतं की समुद्राकडे, हे मनात बघा.

फोनचं होकायंत्र कधी फसवतं?

गुगल मॅप्समध्ये निळ्या ठिपक्यातून टॉर्चसारखा एक झोत निघालेला दिसतो. तुमचं तोंड कुठे आहे याचा तो फोनचा अंदाज. हे काम फोनमधला मॅग्नेटोमीटर म्हणजे चुंबकीय सेन्सर करतो. त्याला आजूबाजूचं लोखंडही जाणवतं. गाडी, लोखंडी पूल, पत्र्याचं छत, चुंबक असलेलं कव्हर किंवा होल्डर, यांतल्या कशानेही झोत भलतीकडे वळू शकतो.

तो बरोबर आहे का, हे दोन गोष्टींवरून कळतं. झोत पसरट असेल तर फोनला स्वतःलाच खात्री नाही. आणि जागच्या जागी पाव फेरी मारा. झोतही पाव फेरी फिरला पाहिजे. तो अडखळला किंवा उशिरा फिरला तर फोन मोकळ्या जागेत नेऊन हवेत इंग्रजी आठचा आकडा काढल्यासारखा दोन-तीनदा फिरवा.

आणखी एक घोळ नकाशाच्या फिरण्याचा. नकाशात उत्तर नेहमी वर असते असं आपण गृहीत धरतो, पण दोन बोटांनी नकाशा फिरला की तसं राहत नाही. तेव्हा स्क्रीनवर छोटं होकायंत्र दिसतं. त्याचं लाल टोक म्हणजे उत्तर. त्यावर टॅप केलं की उत्तर पुन्हा वर येते.

चालून बघा, पण पाच पावलं नाही

होकायंत्रावर भरवसा नसेल तर सरळ चालायला लागा आणि ठिपका निळ्या रेषेवरून पुढे सरकतोय का ते बघा. मात्र मोकळ्या आकाशाखालीही फोनचं स्थान साधारण ५ मीटर इकडे-तिकडे असू शकतं. उंच इमारतींमध्ये चूक आणखी वाढते. म्हणजे पाच-सहा पावलांत ठिपका जे हलतो ती नुसती थरथर असू शकते. २०-३० मीटर चाला, मग ठरवा. पायी असताना एवढं पुरेसं आहे. गाडीवर असाल तर निघण्याआधीच दिशा पक्की करा, कारण दुभाजक असलेल्या रस्त्यावर चूक कळली तरी पुढच्या यू-टर्नपर्यंत जावंच लागतं.

सूर्य आणि ‘उत्तर’ शब्दाची मर्यादा

सूर्य उगवतीला, म्हणजे पूर्वेला, हे ढोबळ खरं आहे. मुंबईच्या आसपास जूनअखेर तो नेमक्या पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवतो आणि डिसेंबरअखेर तेवढाच दक्षिणेकडे. डावं-उजवं ठरवायला तेवढा फरक चालतो. दुपारी बाराला मात्र हा आधार सोडा. हिवाळ्यात तेव्हा सूर्य दक्षिणेला असतो, पण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो जवळपास डोक्यावर, किंचित उत्तरेकडे कललेला असतो.

अ‍ॅपची ‘उत्तर’ही सैलच असते. ओएसआरएमच्या सूचना तयार करताना नेमक्या उत्तरेपासून दोन्हीकडे २० अंशांपर्यंतच्या रस्त्याला उत्तर म्हटलं जातं. त्यापुढे ‘ईशान्य’ किंवा ‘वायव्य’ सुरू होतं. शिवाय ही दिशा रस्त्याच्या अगदी सुरुवातीच्या तुकड्याची असते. रस्ता लगेच वळत असेल तर ‘हेड नॉर्थ’ म्हणूनही पुढे तो पूर्वेला जाऊ शकतो. त्यामुळे समोर दोन रस्ते जवळजवळ एकाच दिशेला फुटत असतील तर दिशेवर न जाता सूचनेतलं रस्त्याचं नाव पाटीवरच्या नावाशी ताडून बघा.

थोडक्यात क्रम असा. रूळ, समुद्र किंवा सूर्य यांपैकी एक खात्रीची खूण पकडायची. तिच्यावरून आपलं तोंड कुठे आहे ते ठरवायचं. उत्तर कोणत्या हाताला येते ते बघायचं. दुसऱ्या सूचनेने ते ताडून घ्यायचं आणि पहिल्या २०-३० मीटरमध्ये ठिपक्यावर नजर ठेवायची. त्यानंतर अ‍ॅपला तुमची दिशा कळलेली असते आणि डावं-उजवं सांगायचं काम ते स्वतःकडे घेतं.