शहरात चालवताना कोणतं जॅकेट, कोणते हातमोजे?

रायडिंग जॅकेटच्या दुकानात एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘सर, सीई आर्मर आहे.’ हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं, पण अर्धंच. जॅकेटमध्ये तपासण्याच्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. खांद्याला नि कोपराला बसवलेलं पॅड, म्हणजे आर्मर, ही एक आणि ते पॅड ज्याच्यात बसवलंय ते कापड नि शिवण ही दुसरी. दोन्हींची चाचणी वेगळी होते आणि दोन्हींना प्रमाणपत्रंही वेगवेगळी मिळतात. पॅड उत्तम असलं तरी शिवण पहिल्याच घसरणीत उसवली तर ते पॅड रस्त्यावर पडून राहतं आणि खांदा डांबरावर घासतो.

आपल्याकडे हेल्मेटला आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तशी सक्ती जॅकेटला नाही. त्यामुळे चांगले भारतीय उत्पादकही युरोपातल्या मानकांप्रमाणे चाचणी करून घेतात. ती मानकं समजून घ्यायला फारसा वेळ लागत नाही.

आधी पॅड. खांदा, कोपर, गुडघा यांच्या पॅडसाठी ईएन १६२१-१ हे मानक आहे. पॅड एका घट्ट ऐरणीवर ठेवतात आणि त्यावर पाच किलोचं वजन साधारण एक मीटर उंचीवरून सोडतात. खालच्या ऐरणीपर्यंत किती जोर पोचला हे मोजतात. तो सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत राहिला तर लेव्हल १ आणि २० च्या आत राहिला तर लेव्हल २. म्हणजे लेव्हल २ चं पॅड तोच मार हाडापर्यंत बराच कमी पोचू देतं. पाठीच्या पॅडचं मानक वेगळं, ईएन १६२१-२, आणि ते खूपच कडक आहे: लेव्हल १ ला १८ आणि लेव्हल २ ला ९ किलोन्यूटन. आकडे नीट पाहिले तर लक्षात येईल की पाठीचं लेव्हल १ हे कोपराच्या लेव्हल २ पेक्षाही कडक आहे. म्हणून लेव्हलची तुलना एकाच अवयवाच्या दोन पॅडमध्येच करायची.

पॅडवर आणखी एक बारीक खूण असते, आपल्या हवेत ती फार मोलाची. आजकालची बरीचशी पॅड हाताला मऊ लागतात आणि मार बसला की क्षणात कडक होतात. असा पदार्थ उन्हात जास्त सैल पडू शकतो. पॅडवर ‘टी’ आणि त्यापुढे अधिकचं चिन्ह असेल तर ते ४० अंशांना तापवूनही चाचणीत उतरलेलं असतं. ही चाचणी ऐच्छिक आहे, त्यामुळे खूण नसलेलं पॅड वाईटच असं नाही. पण विदर्भात किंवा मराठवाड्यात राहणाऱ्याने ती खूण शोधूनच पॅड घ्यावं आणि जॅकेट भर उन्हात गाडीवर टाकून ठेवू नये.

आता कापड नि शिवण. पूर्ण जॅकेटचं मानक ईएन १७०९२. त्यात एएए, एए, ए, बी आणि सी असे वर्ग आहेत. चाचणीत कापडाचे तुकडे फिरत्या दांड्याला लावून ठरलेल्या वेगाने काँक्रीटच्या लादीवर सोडतात. तुकडा घासत घासत थांबतो, मग त्याला भोक पडलं का ते पाहतात. खांदा आणि कोपर या सगळ्यात जास्त घासणाऱ्या भागांसाठी हा वेग ए वर्गाला ताशी ४५, एए ला ७० आणि एएए ला १२० किलोमीटर असतो. हा यंत्राचा वेग आहे. ‘या वेगाला पडलात तरी काही होणार नाही’ अशी ती हमी नव्हे. बी वर्ग म्हणजे ए सारखंच कापड, पण पॅडशिवाय. सी म्हणजे नुसती पॅड जागेवर धरून ठेवणारी जाळी, तिचं घासण्यापासून संरक्षण जमेत धरायचं नाही. शहरात ताशी ४०-५० ने चालवणाऱ्याला ए चालतं, पण एए मिळालं तर तेच घ्यावं. एएए बहुतेक जाड चामड्याचं किंवा जड कापडाचं असतं, आणि सिग्नलला थांबत थांबत जाणाऱ्या माणसाकडून ते रोज घातलं जात नाही.

माझा भाचा कोथरूडहून रोज हिंजवडीला १५० सीसीच्या गाडीवर जातो. जॅकेट नि हातमोजे मिळून बारा हजारांच्या आसपास खर्च करायची त्याची तयारी होती. दुकानात त्याला आवडलेल्या पहिल्या जॅकेटवर सीईचं रंगीत कार्ड लोंबत होतं. मी ते बाजूला सारून आतलं अस्तर उलटं केलं आणि शिवलेली पट्टी शोधली. पट्टीवर धुण्याच्या सूचना होत्या, ना मानकाचा क्रमांक ना वर्गाचं अक्षर. म्हणजे कार्ड होतं ते फक्त पॅडबद्दल. दुसऱ्या जॅकेटमध्ये हवी ती पट्टी मिळाली: मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र, त्याच्याजवळ ‘ए’, मानकाचा क्रमांक, उत्पादकाचं नाव नि पत्ता. मग पाठीच्या खिशाची चेन उघडून आतलं पॅड बाहेर काढलं. ते साध्या फोमचं निघालं, त्यावर एकही अक्षर नव्हतं. इथेच बरेच लोक फसतात. जॅकेटच्या मानकात पाठीचं पॅड सक्तीचं नाही, म्हणून खिसा भरलेला दिसावा एवढ्यासाठी फोमचा तुकडा घातला जातो. भाच्याने जॅकेट घेतलं, पण त्याच खिशात बसेल असं लेव्हल २ चं पाठीचं पॅड वेगळं विकत घेतलं. त्यासाठी दीड-दोन हजार जास्त गेले. ते मी सगळ्यात योग्य खर्च मानतो.

मापाच्या बाबतीत मात्र तो अडून बसला होता. त्याला एक माप मोठं हवं होतं, आत हवा खेळेल म्हणून. मी त्याला दुकानातल्या गाडीवर बसवून हॅंडल धरायला लावलं आणि कोपराचं पॅड चिमटीत धरून बाजूला पिळलं. ते सहज सरकून कोपराच्या आतल्या बाजूला गेलं. पडताना रस्ता हेच करतो. लेव्हल २ चं पॅड हाडावरून दोन बोटं सरकलं तर त्याची लेव्हल काही कामाची राहत नाही. जॅकेट अंगासरशी असावं, दंडावरचे नि मनगटाजवळचे पट्टे ओढल्यावर पॅड जागचं हलू नये आणि हॅंडल धरल्यावर बाही मनगटाच्या वर चढू नये. हे उभं राहून आरशात कळत नाही, गाडीवर बसल्यावरच कळतं. उंच, रुंद बांध्याच्या माणसाने पॅडवर ‘बी’ प्रकार लिहिलाय का तेही पाहावं. पॅडवरचा ए आणि बी हा फक्त आकाराचा फरक आहे, बी मोठं असतं.

हवेचा प्रश्न उरतोच. शहरातला रायडर जॅकेट घरी सोडून जातो तो उकाड्यामुळेच. मेश जॅकेटमधून वारा अंगापर्यंत पोचतो, पण गाडी चालू असेपर्यंतच. सिग्नलला तेही इतर जॅकेटसारखंच तापतं. शिवाय आत आलेल्या हवेला बाहेर पडायला पाठीवर वाट हवी. पाठीवर लॅपटॉपची सॅक असेल तर ती वाट बंद होते, म्हणून शक्य असेल तर सामान गाडीला लावलेल्या बॅगेत टाकावं. आत जाड सुती टी-शर्ट घातला तर तो घामाने चिंब होऊन अंगाला चिकटतो. घाम लवकर वाळवणारा पातळ, पूर्ण बाह्यांचा खेळाडूंचा शर्ट बराच बरा.

मेश घेताना ती कुठे आहे ते बघा. छाती, पाठ, बाहीची आतली बाजू इथे जाळी असावी. खांद्याच्या माथ्यावर आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या बाहेरच्या बाजूला घट्ट विणीचं जाड कापड नि दुहेरी-तिहेरी शिवण असावी, कारण पडल्यावर आधी तोच भाग टेकतो. संपूर्ण जाळीचं जॅकेट हलकं वाटतं, पण घासलं की जाळीचा धागा अडकून लगेच फाटतो. पावसाळ्यासाठी आतून लावायचं पाणीरोधक अस्तर शहरात फार उपयोगाचं नाही. अंग कोरडं राहतं, पण बाहेरची जाळी पाणी पिऊन जड होते आणि दुसऱ्या दिवशीही ओली राहते. त्यापेक्षा जॅकेटवरून घालता येईल असा रेनकोट घ्यावा.

हातमोज्यांकडे लोक दुय्यम म्हणून पाहतात, ते मला अजिबात पटत नाही. शहरातल्या कमी वेगाच्या पडण्यात माणूस आधी हात पुढे टाकतो. अंगाचा सगळा भार तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर येतो आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडू शकतं. त्याला रक्तपुरवठा कमी असल्याने ते जुळायला फार वेळ लागतो. म्हणून मोज्याच्या तळहातावर, मनगटाजवळ, गुळगुळीत कडक चकती आहे का ते आधी पाहा. तळवा डांबरावर अडकून राहण्याऐवजी सरकावा, हे तिचं काम.

मोज्यांचं मानक ईएन १३५९४. तळव्याचं कापड किंवा चामडं घासणीच्या चाचणीत सरासरी चार सेकंद टिकलं तर लेव्हल १, आठ सेकंद टिकलं तर लेव्हल २. पुढे ‘केपी’ लिहिलं असेल तर मुठीच्या हाडांवरचं कवचही तपासलेलं असतं. शहरासाठी मनगटापर्यंतचे, लेव्हल १ केपीचे, वरून जाळीदार पण तळव्याला चामडं असलेले मोजे पुरेसे होतात. मनगटाचा पट्टा आवळा आणि दुसऱ्याला बोटं धरून मोजा ओढायला सांगा. तो निसटला तर पडल्यावरही निसटणार. ते जोड परत ठेवा.

आता नावं. मुंबईचं रायनॉक्स, बंगळुरूचं व्हायाटेरा आणि रॉयल एनफिल्डचं स्वतःचं कपड्यांचं दालन, या तिघांकडे शहरात चालतील अशी जाळीची जॅकेटं मिळतात: रायनॉक्सचं एअर जीटी, व्हायाटेराचं स्पेन्सर, रॉयल एनफिल्डचं स्ट्रीटविंड. सुटं पाठीचं पॅड आणि दुरुस्तीची सोय भारतीय उत्पादकाकडून सहज मिळते, म्हणून रोजच्या वापराला मी त्यांनाच पसंती देतो. अल्पाइनस्टार्स, डायनीज या इटालियन नावांची शिलाई नि माप सुरेख असतं, पण त्यांची किंमत शहरी रायडरच्या बजेटच्या बरीच वर जाते आणि त्याच वर्गाचं जॅकेट निम्म्यात मिळत असताना तो खर्च मला गरजेचा वाटत नाही. नवी आवृत्ती आली की पॅड नि वर्ग दोन्ही बदलू शकतात, तेव्हा मॉडेलच्या नावावर विसंबू नका. हातात घेतलेल्या जॅकेटची पट्टी वाचा.

एकदा जोरात मार खाल्लेलं पॅड दिसायला ठीक असलं तरी बदलून टाका. आणि या महिन्यात सगळं घेण्याइतके पैसे नसतील तर आधी चांगले हातमोजे घ्या, मग लेव्हल २ पॅडचं ए किंवा एए वर्गाचं जाळीचं जॅकेट, आणि त्यानंतर लगेच पाठीचं पॅड.