विहिरीचं पाणी कमी आहे? मग पंपाच्या एका तासाला किती उरतं ते बघा

रब्बीची तयारी सुरू झाली की पारावर एकच चर्चा असते, एकरी कुठल्या पिकाला जास्त पैसे होतात? उत्तर बहुतेक वेळा कांदा येतं. पण ज्याच्या विहिरीला मार्चपर्यंत पुरेल इतकं पाणी नाही, त्याने एकरावर हिशेब करून चालत नाही. त्याच्याकडे जमीन पडून राहते आणि पाणी आधी संपतं. जी गोष्ट आधी संपते तिच्यावर हिशेब मांडायचा, हा यातला मूळ नियम आहे.

आपण एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपल्या वहीतले आकडे घालावेत. एका शेतकऱ्याकडे ६ एकर जमीन, एक विहीर आणि ५ एचपीचा पंप आहे. पाटपाण्याने एका एकराला एक पाणी द्यायला ७ तास लागतात. नोव्हेंबर ते मार्चअखेर विहीर मिळून २५२ तास चालेल असा त्याचा अंदाज आहे. सहाही एकर उन्हाळ कांदा करायचा म्हटला तर ५०४ तास लागतील. म्हणजे अडचण पाण्याची आहे हे इथेच कळतं.

आता प्रत्येक पिकाचं एकरी किती उरतं ते काढू. विक्रीतून फक्त त्या पिकासाठी हातातून जाणारा खर्च वजा करायचा. म्हणजे बी किंवा रोप, खत, औषध, मजुरी, काढणी, बारदान, गाडीभाडं. विहिरीच्या कर्जाचा हप्ता यात धरू नका. हरभरा करा नाहीतर कांदा करा, हप्ता तेवढाच भरावा लागतो, त्यामुळे पीक निवडताना त्याचा उपयोग नाही. असा खर्च जाऊन जे उरतं त्याला कारखान्यातले हिशेबनीस ‘कॉन्ट्रिब्युशन’ म्हणतात. आपण त्याला ‘शिल्लक’ म्हणू.

कांदा: १०० क्विंटल, १,३०० रुपये भाव, विक्री १,३०,०००. खर्च ७०,०००. शिल्लक ६०,०००. बारा पाण्यांचे ८४ तास. तासाला साधारण ७१४ रुपये.

गहू: १६ क्विंटल, २,५०० रुपये भाव, विक्री ४०,०००. खर्च १९,०००. शिल्लक २१,०००. सहा पाण्यांचे ४२ तास. तासाला ५०० रुपये.

हरभरा: ७ क्विंटल, ५,५०० रुपये भाव, विक्री ३८,५००. खर्च १७,५००. शिल्लक २१,०००. तीन पाण्यांचे २१ तास. तासाला १,००० रुपये.

गहू आणि हरभरा बघा. एकरी शिल्लक सारखीच, पण गहू दुप्पट पाणी पितो. एकरावर बघणाऱ्याला हा फरक दिसतच नाही. आणि एकरी सगळ्यात पुढे असलेला कांदा तासाच्या हिशेबात हरभऱ्याच्या मागे पडतो.

मग सगळा हरभराच करायचा का? नाही. इथे बरेच जण फसतात. सहा एकर हरभऱ्याला १२६ तास लागतात आणि शिल्लक १,२६,००० येते. पण आता जमीन संपली आणि १२६ तास पाणी विहिरीत उरलं. दुसऱ्या बाजूला फक्त कांदा केला तर २५२ तासांत ३ एकर भिजतात, शिल्लक १,८०,००० आणि ३ एकर पडीक. दोन्हीत काहीतरी वाया जातंय.

म्हणून पुढची पायरी अशी. आधी सगळीकडे हरभरा धरा, कारण तासाला तोच पुढे आहे. मग उरलेल्या पाण्यावर एक एक एकर हरभऱ्याचा कांद्याकडे वळवत जा. एक एकर वळवला की ६३ तास जास्त लागतात (८४ वजा २१) आणि ३९,००० रुपये जास्त मिळतात (६०,००० वजा २१,०००). उरलेल्या १२६ तासांत असे २ एकर बसतात. झाले ४ एकर हरभरा आणि २ एकर कांदा. शिल्लक ८४,००० अधिक १,२०,०००, म्हणजे २,०४,०००. पाणी आणि जमीन दोन्ही कामाला लागले. नुसत्या कांद्यापेक्षा हे २४,००० रुपये जास्त.

पण कागदावर २५२ तास जमले म्हणून लगेच रोप उपटायला जाऊ नका. पाणी महिन्यावार येतं. समजा त्या विहिरीचे तास असे आहेत: नोव्हेंबर-डिसेंबर १२६, जानेवारी-फेब्रुवारी ९०, मार्च ३६. हरभऱ्याची तिन्ही पाणी डिसेंबरअखेर उरकतात, ते ८४ तास. डिसेंबरात लावलेल्या २ एकर कांद्याला त्या महिन्यात तीन पाणी, ४२ तास. मिळून १२६, बरोबर बसलं. जानेवारी-फेब्रुवारीत सहा पाणी, ८४ तास, तेही बसलं. मार्चमध्ये तीन पाणी, ४२ तास लागणार आणि विहीर देणार ३६. कांदा पोसण्याच्या वेळीच ६ तास कमी.

यावर उपाय म्हणजे कांदा १२ गुंठ्यांनी कमी करून तिथे हरभरा घ्यायचा. मग मार्चची गरज ३६ तासांच्या आत येते. शिल्लक ११,७०० रुपयांनी घटून १,९२,३०० होते. पण पाण्यावाचून दोन्ही एकरांतला कांदा बारीक राहण्यापेक्षा हे परवडतं.

विहिरीचे तास काढायची पद्धत सोपी आहे. सकाळी पंप सुरू करा आणि पाणी फुटव्हॉल्व्हपर्यंत उतरून पंप हवा ओढायला लागेपर्यंतचा वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत सुरू करा. दुसऱ्या दिवसाचा आकडा खरा, कारण तो झऱ्याने एका दिवसात भरलेल्या पाण्याचा आहे. पहिल्या दिवशी साठलेलं पाणीही निघतं. दर महिन्याला एकदा असं मोजून वहीत ठेवलं तर पुढच्या वर्षी मार्चचा अंदाज चुकत नाही.

राहिला भाव. कांद्याचा भाव किती पडला तर हा बेत मोडतो? कांद्याची आघाडी एकरी ३९,००० आहे आणि माल १०० क्विंटल. म्हणजे क्विंटलला ३९० रुपये पडले की आघाडी संपली. १,३०० मधून ३९० गेले, राहिले ९१०. उन्हाळ कांदा ९१० च्या खाली विकला जाईल असं वाटत असेल, तर त्या दोन एकरांतही हरभराच बरा, पाणी विहिरीत राहिलं तरी चालेल. लावणीआधी हा एक आकडा काढून ठेवा.

आणि शेवटचं. प्रत्येकाची अडचण पाण्याचीच असेल असं नाही. कुणाकडे पाणी भरपूर असतं पण लावणीला बाया मिळत नाहीत. त्याने शिल्लकेला पंपाच्या तासांऐवजी मजुरांच्या दिवसांनी भागायचं. तिथे कांदा कदाचित आणखी मागे जाईल. हिशेब तोच राहतो, फक्त भागायचा आकडा बदलतो.