२८ नॉट म्हणजे ताशी किती किलोमीटर?

आयएनएस विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नौदलात दाखल झाली, तेव्हा तिचे दोन आकडे सगळीकडे छापून आले. कमाल वेग २८ नॉट आणि इंधन न भरता ७,५०० सागरी मैलांचा पल्ला. आकडे वाचले जातात, पण मनात चित्र उभे राहत नाही. २८ नॉट म्हणजे मुंबईच्या रस्त्यावरच्या मोटारीएवढा वेग की सायकलीएवढा? आणि ७,५०० मैल हे आपल्या नेहमीच्या मैलाने मोजायचे की आणखी कशाने?

उत्तर आधी देतो. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि सागरी मैल म्हणजे बरोबर १,८५२ मीटर. जमिनीवरचा मैल १,६०९ मीटरांचा, म्हणजे सागरी मैलापेक्षा जवळजवळ पाव किलोमीटरने लहान. म्हणून विक्रांतचा कमाल वेग ताशी सुमारे ५२ किलोमीटर होतो आणि पल्ला १३,८९० किलोमीटर. तिथे साधा मैल धरला तर हाच पल्ला १२,०७० किलोमीटर होतो आणि १,८०० किलोमीटरांहून अधिक अंतर हिशेबातून नाहीसे होते.

समुद्रावर वेगळा मैल कशाला, हे समजायचे तर मुंबई ते गोवा या प्रवासाचा समुद्री नकाशा, म्हणजे चार्ट, टेबलावर पसरावा. चार्टच्या डाव्या आणि उजव्या कडेला अक्षांशांची पट्टी छापलेली असते. एका अंशाचे ६० भाग, त्यातला प्रत्येक भाग म्हणजे एक मिनिट. सागरी मैल मुळात या एका मिनिटावरूनच आला. पृथ्वीच्या पृष्ठभागावर उत्तर-दक्षिण एक मिनिट सरकले की एक सागरी मैल झाला. मुंबई बंदर साधारण १८ अंश ५५ मिनिटांवर आहे, मुरगाव १५ अंश २५ मिनिटांवर. फरक साडेतीन अंशांचा, म्हणजे २१० मिनिटे. म्हणजेच जहाजाला दक्षिणेकडे २१० सागरी मैल उतरायचे आहे, आणि हे कळायला एकही गुणाकार करावा लागला नाही. मुरगाव थोडे पूर्वेलाही आहे. ती तिरकी रेघ डिव्हायडरच्या दोन टोकांत धरून कडेच्या पट्टीवर टप्प्याटप्प्याने मोजली की सरळ अंतर २१७ सागरी मैलांच्या आसपास भरते. जहाज १२ नॉटने चालले तर २१७ भागिले १२, म्हणजे अठरा तासांहून थोडा जास्त वेळ. चार्टवरचे मिनिट, अंतराचा मैल आणि वेगाचा नॉट हे तिन्ही एकाच मापात बसतात. म्हणून विमानेही नॉटच वापरतात.

इथे नवशिक्याची एक चूक ठरलेली असते. चार्टच्या वरच्या आणि खालच्या कडेलाही मिनिटांची पट्टी असते, पण ती रेखांशांची. रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ जवळ येत जातात. त्यामुळे कोकण किनाऱ्यासमोर रेखांशाचे एक मिनिट जेमतेम पावणेअठराशे मीटरांचे उरते. त्या पट्टीवर अंतर मोजले की ते खऱ्यापेक्षा जास्त येते आणि जहाज ‘ठरल्या वेळेच्या आधी’ पोचले असे वाटू लागते. अंतर नेहमी कडेच्या उभ्या पट्टीवर, आणि तेही जहाज ज्या अक्षांशात आहे त्याच्या शेजारीच मोजायचे.

अक्षांशाचे मिनिटही सगळीकडे सारखे नसते. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्यामुळे विषुववृत्ताजवळ ते सुमारे १,८४३ मीटरांचे आहे आणि ध्रुवांजवळ १,८६२ मीटरांचे. मग १,८५२ हाच आकडा का? मीटर ठरला तोच मुळी ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. ते अंतर १०,००० किलोमीटर आणि मिनिटे ५,४००. भागाकार केला की १,८५१.८५ मीटर येतात. १९२९ मध्ये मोनॅको येथील आंतरराष्ट्रीय जलालेखन परिषदेने १,८५२ हा पूर्णांक पक्का केला. ब्रिटनने मात्र आपला ६,०८० फुटांचा मैल, म्हणजे सव्वा मीटरने मोठा, १९७० पर्यंत सोडला नाही. जुनी ब्रिटिश कागदपत्रे चाळताना एवढे ध्यानात ठेवले की पुरे. रोजच्या हिशेबात तो फरक दिसतही नाही.

वेग मोजायची जुनी रीत पाहिली की नॉटचा हिशेब हातात येतो. लाकडाची एक पाचर, तळाला शिसे लावलेली, जहाजाच्या मागे पाण्यात सोडत. ती पाण्यात उभी राहून जागच्या जागी थांबे आणि रिळावरची दोरी सुटत जाई. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. एक खलाशी २८ सेकंदांचे वाळूचे घड्याळ उलटे करी, दुसरा हातातून सरकणाऱ्या गाठी मोजी. दोन गाठींमधले अंतर ४७ फूट ३ इंच, म्हणजे १४.४ मीटर. १,८५२ मीटरांना तासाच्या ३,६०० सेकंदांनी भागून २८ ने गुणले की नेमके १४.४ च येतात. त्यामुळे गाठी मोजल्या की वेग थेट मिळे, आकडेमोड नाही. दोरी ओली होऊन ताणली गेली किंवा दमट हवेत वाळू हळू सरकू लागली की मात्र माप चुके. म्हणून दोन्ही वरचेवर तपासावे लागत.

आता आपल्या कामाची तोंडी रीत. आलेल्या नॉटचे १५ टक्के काढा. ते मूळ आकड्यात मिळवले की ताशी साधे मैल मिळतात. मूळ आकडा दुप्पट करून त्यातून तेच १५ टक्के वजा केले की ताशी किलोमीटर. विक्रांतचे २८ घ्या. १५ टक्के म्हणजे ४.२. मिळवले तर ३२.२ मैल. दुप्पट ५६, त्यातून ४.२ गेले की ५१.८ किलोमीटर. कागदावर काटेकोर उत्तर ५१.९ येते. हजारात एखाद्याची चूक, बातमी वाचताना ती चालते. हीच रीत अंतरालाही लागू पडते. मुंबई ते मुरगाव २१७ सागरी मैल, म्हणजे सुमारे २५० साधे मैल किंवा ४०२ किलोमीटर. उलट किलोमीटरवरून नॉट हवे असतील तर निम्मे करा आणि त्या निम्म्याचे ८ टक्के त्यात मिळवा.

छापील मजकुरातली गडबड ओळखणेही याने सोपे होते. भारताची प्रादेशिक सागरी हद्द १२ सागरी मैलांची आहे आणि अनन्य आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैलांचे. १९७६ च्या कायद्यातच तसे लिहिले आहे. १२ पुढे कंसात ‘१९ किलोमीटर’ दिसले की लिहिणाऱ्याने साधा मैल धरला आहे, हे नक्की समजावे. बरोबर उत्तर २२.२ आहे. किनाऱ्यापासून किती आत मासेमारी करता येते याबद्दलच्या मजकुरात ही तीन किलोमीटरांची चूक मच्छीमाराच्या अंगावर येऊ शकते. २०० मैलांचे ३२२ केले असतील तर ४८ किलोमीटर गळाले, खरे अंतर ३७० आहे. ‘नॉट प्रति तास’ हीसुद्धा चूकच. तास नॉटमध्ये आधीच आलेला आहे.

गुणाकार बरोबर करूनही उत्तर फसते ती जागा वेगळी आहे. जहाजाचे लॉग पाण्यातला वेग दाखवते, जीपीएस जमिनीच्या मानाने. लॉगवर १२ नॉट दिसत आहेत आणि समोरून २ नॉटचा प्रवाह आहे, तर जीपीएस १० दाखवील. पाण्यातून जहाज ताशी २२ किलोमीटरने चालले आहे, पण मुरगाव मात्र ताशी साडेअठरा किलोमीटरनेच जवळ येते आहे. तसाच प्रवाह वाटभर राहिला तर अठरा तासांच्या प्रवासाला पावणेबावीस तास लागतील. बंदराला पोचण्याची वेळ कळवायची असेल तर आधी तो आकडा कोणत्या यंत्रावरचा आहे ते विचारावे, मग १५ टक्क्यांचा हिशेब करावा.