फ्लॅट बघण्याआधी विचारा: दलाली कोण देणार?

पुण्यात भाड्याचं घर शोधणारा माणूस एजंटला भाडं विचारतो, डिपॉझिट विचारतो, पार्किंग आहे का, पाणी किती वेळ येतं, हेही विचारतो. दलालीचा विषय मात्र बहुतेक वेळा फ्लॅट पसंत पडल्यावरच निघतो. स्वयंपाकघर आवडलेलं असतं, ऑफिस जवळ असतं, सध्याची खोली महिनाअखेर सोडायची असते. अशा वेळी एजंट म्हणतो, "आणि आमचं एक महिन्याचं." समोरचा गप्प राहतो, कारण नाही म्हटलं तर घर हातचं जाईल अशी भीती असते. हाच प्रश्न दोन दिवस आधी फोनवर विचारला असता, तर त्याचं उत्तर वेगळं मिळण्याची बरीच शक्यता होती.

याचं कारण असं की, भाड्याच्या घराच्या दलालीचा दर महाराष्ट्रात कुठल्याही कायद्याने ठरवलेला नाही. 'एक महिन्याचं भाडं' हा रिवाज आहे. मुंबईत एजंट अनेकदा मालकाकडून एक महिना आणि भाडेकरूकडूनही एक महिना घेतात. पुण्यात कुठे पूर्ण महिना, कुठे पंधरा दिवस चालतं. अनेक जण सांगतात की आता रेरा आला आहे, तिथे तक्रार करता येईल. पण २०१६च्या रेरा कायद्यात एजंटची जी व्याख्या आहे ती घरांच्या विक्री-खरेदीपुरती आहे. महारेराचा नोंदणी क्रमांक असलेला एजंट तुम्हाला भाड्याचा फ्लॅट दाखवतो तेव्हा त्याची दलाली त्या कायद्याखाली येत नाही.

मग उरतो तो १८७२चा भारतीय करार कायदा. एखाद्याच्या वतीने काम करणारा माणूस आणि त्याचा मेहनताना, याबद्दल त्यात एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातल्या दोन गोष्टी भाडेकरूच्या कामाच्या आहेत. वेगळं काही ठरलं नसेल, तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटचा मेहनताना देय होत नाही. आणि एजंटने कामात गैरवर्तन केलं असेल, तर त्या कामापुरता त्याचा मेहनतान्यावरचा हक्क जातो. मात्र करार लेखीच हवा असं नाही. तोंडी बोलणंही करार होतं, आणि दर ठाऊक असूनही एखाद्याच्या सेवेचा फायदा घेतला तर त्या वागण्यातूनही करार झाला असा दावा होऊ शकतो. म्हणजे गप्प राहून चार फ्लॅट बघणं सुरक्षित नाही. तुमचं मौन म्हणजे होकारच होता असं एजंट उद्या म्हणू शकतो.

म्हणून मूळ प्रश्न असा आहे की हा एजंट कुणाचा माणूस आहे. फ्लॅटच्या किल्ल्या त्याच्याकडे कुणी दिल्या, फोटो टाकायला कुणी सांगितलं, भाडं किती मागायचं हे कुणी ठरवलं? बहुतेक वेळा मालकाने. भाडेकरूचं भाडं दोन हजारांनी कमी व्हावं म्हणून हा एजंट मालकाशी भांडेल का? शिवाय दलाली भाड्याच्या प्रमाणात असेल, तर भाडं चढं राहण्यातच त्याचा फायदा असतो. दुसरीकडे, तुम्ही स्वतः एखाद्या एजंटला गाठून सांगितलं असेल, "कोथरूडमध्ये, शाळेपासून चालत जाता येईल असं घर शोधून द्या," आणि त्याने आठवडाभर फिरून दहा मालकांशी बोलून ते शोधलं असेल, तर ते काम तुमचं आहे आणि त्याचे पैसे तुम्ही द्यायला हवेत. त्याच्या कष्टाची किंमत आहेच. मला खटकतं ते एवढंच की काम मालकाचं आणि बिल भाडेकरूचं, हे न विचारता गृहीत धरलं जातं.

काही देशांनी हीच गोष्ट कायद्यात घातली आहे. जर्मनीत १ जून २०१५पासून ज्याने एजंटला काम सांगितलं त्यानेच पैसे द्यायचे असा नियम आहे. तिथल्या घटनात्मक न्यायालयानेही तो पुढे वैध ठरवला. इंग्लंडमध्ये २०१९पासून लेटिंग एजंटला भाडेकरूकडून असं शुल्क घेता येत नाही. न्यूयॉर्क शहरात ११ जून २०२५पासून मालकाच्या वतीने काम करणाऱ्या ब्रोकरला भाडेकरूकडे दलाली मागायला बंदी झाली. यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: मालक ती रक्कम भाड्यातच मिसळेल. मिसळेलही. पण मग ती भाडेकरूला आकड्यात दिसते, आणि दोन घरांची तुलना करताना त्याला खरी किंमत कळते. आपल्याकडे ती किंमत शेवटच्या क्षणापर्यंत झाकलेली राहते.

ही तुलना हिशोबात किती बदलते ते बघू. समजा, नांदेडहून नोकरीसाठी आलेल्या एका जोडप्यापुढे दोन फ्लॅट आहेत. पहिला एजंटमार्फत, भाडं २४,००० आणि दलाली एक महिन्याची. दुसरा त्याच भागात थेट मालकाकडून, भाडं २५,५००, दलाली नाही. पहिल्या नजरेत पहिला स्वस्त वाटतो. अकरा महिन्यांचा हिशोब केला तर पहिल्याचे २,६४,००० अधिक २४,०००, म्हणजे २,८८,००० रुपये होतात आणि दुसऱ्याचे २,८०,५००. दुसरा साडेसात हजारांनी स्वस्त निघतो. महिन्याला दीड हजार वाचवून चोवीस हजारांची दलाली भरून निघायला सोळा महिने लागतात. त्याहून जास्त राहायचं असेल तर पहिला फ्लॅट परवडतो. पण अकरा महिन्यांनी एजंटने नूतनीकरणाचे म्हणून पुन्हा अर्ध्या महिन्याचे १२,००० घेतले, तर बावीस महिन्यांनंतरही पहिलाच तीन हजारांनी महाग राहतो. हा सगळा फरक त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, आणि दलालीचा आकडा आधी कळला नाही तर हा हिशोब मांडताच येत नाही.

नूतनीकरणाची दलाली मला सगळ्यात कमी पटते. भाडेकरू तोच, मालक तोच, घर तेच. नवं काही शोधलेलं नसतं. एजंट फक्त नवा करार करून देतो, आणि ते काम करारापुरतं शुल्क देऊन होतं. इथे अकरा महिन्यांच्या सवयीकडेही बघायला हवं. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते, ती टाळायला अकरा महिने, अशी ही देशभरची जुनी युक्ती आहे. महाराष्ट्रात तिचा उपयोग नाही. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नुसार लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो. म्हणून मालक तयार असेल तर भाडेवाढीची टक्केवारी ठरवून चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा करार मागा. एकदाच दिलेली दलाली मग जास्त महिन्यांवर पसरते आणि दर वर्षीच्या मागणीला जागा राहत नाही.

कराराचा खर्चही दलालीत मिसळून सांगितला जातो, तो वेगळा काढायला सांगा. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर दहा टक्के दराने धरलेलं व्याज, यांच्या बेरजेच्या पाव टक्का असतं. वरच्या उदाहरणात २४,००० भाडं आणि ७५,००० डिपॉझिट धरलं, तर अकरा महिन्यांसाठी ते सुमारे सातशे रुपये होतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. बाकी जे काही मागितलं जातं ते मुख्यतः घरी येऊन अंगठा-फोटो घेणाऱ्याचं सेवाशुल्क असतं. ते द्यायला हरकत नाही, पण ते कशाचं आहे हे माहीत असावं. दलालीवर अठरा टक्के जीएसटी लावला असेल, तर एजंटकडे जीएसटी क्रमांक असायला हवा आणि त्याने बिल द्यायला हवं. क्रमांक नसेल तर तो कर मागता येत नाही.

प्रत्यक्षात हे बोलायचं कसं? फ्लॅट बघायची वेळ ठरवण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या शब्दांत लिहा: "हा फ्लॅट मालकाने तुमच्याकडे दिला आहे का? त्यांच्याकडून तुम्ही दलाली घेणार आहात का? माझ्याकडून किती अपेक्षित आहे? ती कधी द्यायची? नूतनीकरणाला पुन्हा काही द्यावं लागेल का?" उत्तर आलं की आपली बाजू सांगा: "मालकाकडून दलाली मिळणार असेल तर मी पंधरा दिवसांचं भाडं देईन, करार नोंदवून किल्ली मिळाली की." समोरून 'ठीक आहे' आलं की तो मजकूर जपून ठेवा. फोनवरच बोलणं झालं तर नंतर स्वतः एक ओळ लिहून पाठवा. काही एजंट चिडतात, "आधी घर तर बघा," म्हणतात. रोज हेच काम करणाऱ्या माणसाला आपला दर सांगायला अडचण नसते. तो टाळत असेल तर पुढच्या व्यवहारात तो कसा वागेल याचा अंदाज तिथेच येतो. नुसतं घर दाखवायचे पैसे आधी मागितले तर तिथून परत फिरलेलं बरं.

पैसे कधी द्यायचे हे रकमेइतकंच महत्त्वाचं आहे. फ्लॅट आवडला की 'टोकन' मागतात, आणि ते एजंटच्या खात्यावर मागतात. टोकन मालकाच्या खात्यावर द्या, आणि व्यवहार झाला नाही तर ते परत मिळेल का हे आधी लिहून घ्या. देण्यापूर्वी वीज बिलावर किंवा इंडेक्स टूवर मालकाचं नाव बघा. दलालीचं वेगळं. मालकाचं मन बदललं आणि करार झालाच नाही, तर एजंटचं काम पूर्ण झालेलं नाही, पण पैसे आधी दिलेले असतील तर ते परत मिळवायला फेऱ्या माराव्या लागतात. चौथ्या महिन्यातच मालकाने घर रिकामं करायला सांगितलं तर पूर्ण दलाली वाया जाते, म्हणून करारात मालकालाही बांधणारा लॉक-इन किमान सहा महिन्यांचा असावा. अनेक करारांत तो फक्त भाडेकरूवर टाकलेला असतो.

आणखी एक पेच पुण्यात हमखास येतो. एकच फ्लॅट तीन एजंटांकडे असतो. पहिल्याने सोमवारी दाखवला, दुसऱ्याने शनिवारी तोच कमी दलालीत दिला, आणि करार झाल्यावर पहिला दारात उभा राहतो. त्याचा दावा अगदीच खोटा नसतो, घर त्यानेच प्रथम दाखवलेलं असतं. हे टाळायचं तर पत्ता आणि सोसायटीचं नाव आधी मागा, आणि तो फ्लॅट आधी बघितलेला असेल तर तसं लगेच लिहून कळवा. काही वेळा दोन एजंट आपसात वाटून घेतात आणि दोघेही वेगवेगळी दलाली मागतात. तुमचं बोलणं ज्याच्याशी झालं त्यालाच एकदाच पैसे द्या, बँकेतून द्या आणि पावतीवर फ्लॅटचा पत्ता, रक्कम आणि 'संपूर्ण दलाली मिळाली' हे शब्द लिहून घ्या. दुसऱ्या एजंटचा वाटा त्या दोघांमधला प्रश्न आहे.