‘सी-७’ खांब आणि एक शिफारसपत्र

“मॅडम, एलओआर हवं होतं. मी ड्राफ्ट करून आणते, तुम्ही फक्त सही करा.”

नोव्हेंबरात आमच्या एका जुन्या इंटर्नचा फोन आला. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आठ आठवडे ती आमच्याकडे होती. आम्ही पुण्यात जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करतो. तिला आता अमेरिकेत एम.एस.साठी अर्ज करायचे होते. फॉल प्रवेशाच्या बऱ्याच मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात, त्यामुळे ती घाईत होती. ‘मी लिहून आणते’ यात तिला काहीच गैर वाटलं नाही आणि त्यात तिचा दोष नाही. कॉलेजातून ऑफिसांपर्यंत आपल्याकडे हीच रीत आहे. साहेबांना वेळ नसतो, म्हणून विद्यार्थीच स्वतःची स्तुती लिहितो आणि साहेब लेटरहेड देतात.

मी नाही म्हटलं. तत्त्वाचा भाग होताच, पण खरं कारण व्यवहाराचं होतं. तिला तीन पत्रं लागणार होती. तिन्ही तिनेच लिहिली असती, तर तिन्हींत तेच शब्द आणि तेच कौतुक आलं असतं, आणि तिच्या निवेदनाची शैलीही तीच असती. एकाच बैठकीत तिन्ही पत्रं वाचणाऱ्या प्राध्यापकाला हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. शिवाय विद्यार्थी स्वतःबद्दल लिहितो ते त्याला ठाऊक असलेलं. मला दिसलेलं त्याला ठाऊक नसतं, आणि पत्र मागतात ते त्याच्यासाठी.

मग रविवारी मी स्वतः बसले. पहिला खर्डा असा झाला: ‘ती अत्यंत मेहनती, प्रामाणिक, नम्र आणि शिकण्यास उत्सुक आहे. सोपवलेलं प्रत्येक काम तिने वेळेवर पूर्ण केलं. ती आपल्या संस्थेस भूषण ठरेल याची मला खात्री आहे.’

वाचून मलाच हसू आलं. नाव बदललं, तर आमच्याकडे आलेल्या कुठल्याही मुलाला हे पत्र चालेल. इतकंच काय, आमच्या ड्रायव्हरलाही चालेल. तोही वेळेवर येतो. अशा पत्रातलं ‘वेळेवर’ तर घातकच. शिफारसपत्रं नेहमी वाचणारा माणूस लिहिलेल्याइतकंच न लिहिलेलंही वाचतो. अभियंत्याच्या पत्रात वक्तशीरपणाचं कौतुक असेल आणि अभियांत्रिकीचा उल्लेख नसेल, तर त्याला जे समजायचं ते समजतं.

आणखी एक गोष्ट मला टोचली. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे आलेली ३१२ शिफारसपत्रं फ्रान्सेस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का या दोन अभ्यासकांनी तपासली; तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीने तोकडी होती, त्यांत संशय पेरणारी वाक्यं जास्त होती, आणि कर्तृत्वापेक्षा कष्टाळूपणावर भर होता. मी स्वतः बाई, तीस वर्षं साइटवर काढलेली, आणि मीही ‘मेहनती’ आणि ‘नम्र’ यांनीच सुरुवात केली होती! कागद फाडला.

सोमवारी तिच्याकडून चार गोष्टी मागवल्या: तिचा बायोडाटा, विद्यापीठांसाठी लिहिलेलं निवेदन, मुदतींची यादी आणि इंटर्नशिपची लॉगबुक. कॉलेजच्या नियमासाठी मुलं ती वही भरतात आणि नंतर कुणी बघत नाही. मी कपाटातून त्या इमारतीची आमची फाइल काढली आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचत गेले. तेव्हा ‘सी-७’ आठवला.

इमारत चार मजली, १९७०च्या दशकातली. काँक्रीटची ताकद अजमावायला आम्ही रिबाउंड हॅमर वापरतो. स्प्रिंगचा हातोडा काँक्रीटवर आपटतो, किती उसळून मागे येतो त्याचा आकडा मिळतो. पृष्ठभाग जितका कठीण तितका आकडा मोठा. पार्किंगमधल्या बहुतेक खांबांचे आकडे तीस ते चौतीसच्या दरम्यान होते. ‘सी-७’चा आला चव्वेचाळीस. मी तो टिपून पुढे निघाले होते. चांगला आकडा कुणाला नको असतो?

ती मात्र तिथेच उभी. म्हणाली, “मॅडम, याच खांबाला सळईच्या रेषेत उभी भेग आहे. मग हाच सगळ्यांत मजबूत कसा?”

प्रश्न अचूक होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये झिरपतो, तिथल्या चुन्याशी संयोग पावतो आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. त्याला आम्ही कार्बोनेशन म्हणतो. त्याने वरची कातडी कठीण होते, म्हणून हातोडा जास्त उसळतो. पण काँक्रीटचा अल्कधर्मी गुण जातो आणि सळईवरचं गंजापासूनचं संरक्षणही जातं. हातोडा शाबासकी देत असतो आणि आत लोखंड कुजत असतं. मला हे पुस्तकी माहीत होतं. त्या दुपारी सुचलं तिला. आम्ही खांबाचा कोपरा फोडला आणि ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. चांगलं काँक्रीट गुलाबी होतं. इथे पस्तीस मिलिमीटर आतपर्यंत रंगच नाही, आणि सळई होती पंचवीसवर. नंतर त्या खांबाचा कोअर काढून तपासला. ताकद हातोड्याने सांगितल्यापेक्षा बरीच कमी निघाली. दुरुस्तीच्या यादीत ‘सी-७’ तळातून वर आला.

पत्राचा मधला परिच्छेद मला इथे सापडला. मूळ इंग्रजीत आहे, त्याचं मराठी साधारण असं: ‘पार्किंगमधल्या एका खांबाचा रिबाउंड आकडा इतरांपेक्षा बराच जास्त आला. मी तो स्वीकारला होता. तिने भेगेकडे बोट दाखवून आकड्यावर शंका घेतली आणि कार्बोनेशन तपासण्याची सूचना केली. तपासणीत तिची शंका खरी ठरली आणि आमच्या अहवालाचा निष्कर्ष बदलला.’ यात एकही विशेषण नाही. ‘मी तो स्वीकारला होता’ हे वाक्य लिहिताना हात जरा थबकला, पण त्याच वाक्याने पत्राला वजन येतं. सोसायटीचं नाव अर्थातच गाळलं. अशिलाची माहिती इंटर्नच्या कौतुकासाठी उघड करायची नसते.

मग चुकीचा प्रश्न. दुसऱ्या आठवड्यात तिने तक्त्यात बी-३ आणि बी-४ यांचे आकडे अदलाबदल केले होते. अहवाल सकाळी जायचा होता. रात्री फोटो ताडून बघताना तिच्या लक्षात आलं आणि सकाळी सातला तिने मला फोन केला. त्यानंतर प्रत्येक खांबावर आधी खडूने क्रमांक लिहायचा, क्रमांकासकट फोटो काढायचा आणि मगच हातोडा लावायचा, ही पद्धत तिने स्वतः सुरू केली. हे पत्रात घालावं का? माझ्या धाकट्या भागीदाराचं मत ‘अजिबात नको’. मी घातलं. निव्वळ गुणांच्या पत्रावर परका माणूस विश्वास ठेवत नाही, आणि हा प्रसंग तिची चूक सांगता सांगता तिचा स्वभावही सांगतो. मात्र यालाही मर्यादा आहे. चूक सांगायची तर तिचं पुढे काय झालं हेही सांगता आलं पाहिजे. ते नसेल तर तो नुसता डाग राहतो, आणि खुलाशाला विद्यार्थी तिथे हजर नसतो.

ऑनलाइन फॉर्ममध्ये बहुधा एक तक्ता असतो: हा विद्यार्थी तुमच्या पाहण्यातल्या वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत की दहा टक्क्यांत? आपले लोक डोळे मिटून ‘एक टक्का’ टिचकवतात. आमच्याकडे नऊ वर्षांत तेवीस इंटर्न आले. तेवीस माणसांत एक टक्का होतच नाही! मी पत्रात लिहिलं की तेवीस जणांत मी तिला पहिल्या तिघांत धरते, आणि तिच्या वरचे दोघे आमच्याकडे वर्षभर होते, ती आठ आठवडे. तिचे वर्गातले गुण, प्रयोगशाळेतलं काम यांवर चकार शब्द लिहिला नाही. ते मी पाहिलेलं नाही. ते तिच्या प्राध्यापकांनी लिहावं. उद्या तिकडून कुणी फोन केला, तर जेवढं न अडखळता सांगता येईल तेवढंच कागदावर.

अमेरिकेतल्या १९७४च्या एका कायद्यानुसार विद्यार्थ्याला तिथे प्रवेश घेतल्यावर आपली शिफारसपत्रं पाहण्याचा हक्क मिळतो. अर्ज करतानाच तो हक्क सोडून देता येतो. तिने विचारलं, “मॅडम, सोडू का?” मी सोडायला सांगितलं. पत्र विद्यार्थी वाचणार नाही हे माहीत असलं की वाचणारा त्यावर जास्त भरवसा ठेवतो. आणि पत्र पाठवायचं ऑफिसच्या ई-मेलवरून. जीमेलच्या पत्त्यावरून आलेलं पत्र विद्यार्थ्यानेच पाठवलं असेल, ही शंका तिकडच्यांना येते.

राहिला जिव्हाळा. जॉन नॅश हा पुढे नोबेल मिळवणारा गणिती १९४८ साली प्रिन्स्टनला अर्ज करत होता, तेव्हा त्याच्या प्राध्यापकाने जेमतेम चार-पाच ओळींचं पत्र दिलं आणि त्यात मुलगा गणितातला प्रतिभावंत असल्याचं सरळ सांगून टाकलं. हे उदाहरण सगळे देतात. पण ते प्राध्यापक डफिन स्वतः नावाजलेले होते. त्यांच्या शब्दाची पत तिकडे होती. माझी नाही. मला ऊब मिळवायला तपशिलाकडेच जावं लागतं. तळमजल्यावरच्या एका आजींना टेकू का लावले ते कळत नव्हतं. हिने कागदावर खांबाचं चित्र काढून त्यांना मराठीत समजावलं, आणि आजींनी तो कागद फ्रिजवर लावून ठेवला. ते लिहिलं. शेवटचं वाक्य असं: ‘ती गेल्यापासून आमच्या साइटच्या बॅगेत हातोड्याआधी फिनॉल्फ्थॅलिनची बाटली जाते.’ हे खरं आहे, बॅग भरणाऱ्याला विचारा.

सगळ्यांना असं पत्र देता येत नाही. गेल्या वर्षी एका मुलाला मी नाही म्हटलं. तो चांगला होता, पण माझ्याजवळ त्याच्या कामाचा एकही प्रसंग नव्हता. त्याला तारखा आणि कामाचं स्वरूप सांगणारं अनुभव प्रमाणपत्र दिलं आणि ज्या सहकाऱ्यासोबत तो साइटवर होता त्याच्याकडे पाठवलं. त्याला वाईट वाटलं. पोकळ पत्राने त्याचं नुकसान जास्त झालं असतं.

तिचं पत्र एका पानाचं झालं, त्यासाठी दोन संध्याकाळी गेल्या. त्यातला बराच वेळ लिहिण्यात गेला नाही, दोन वर्षांपूर्वीचं शोधण्यात गेला. तुमच्या ऑफिसात या उन्हाळ्यात कुणी इंटर्न येणार असेल, तर पहिल्या दिवशीच त्याच्या नावाचं एक पान उघडा आणि शनिवारी दोन ओळी लिहून ठेवा: या आठवड्यात याने काय पाहिलं, काय विचारलं, काय चुकवलं.