कुरळ्या केसांवर क्रीम आणि जेलचे थर: कडकपणा आणि पांढरे कण

कुरळ्या केसांवर लीव्ह-इन कंडिशनर, कर्ल क्रीम आणि जेल एकावर एक लावल्यावर दोन तक्रारी नेहमी येतात. केस वाळल्यावर कडक होतात किंवा त्यांवर पांढरे कण दिसतात. दोन्हींची कारणे वेगळी आहेत.

प्रथम कडकपणा पाहू. केस भिजले की केराटिन या प्रथिनातील हायड्रोजन बंध तुटतात आणि वाळताना ते नव्याने जुळतात. त्यामुळे वाळताना बट ज्या आकारात असते, तो आकार टिकतो. जेलमधील पीव्हीपीसारखे बहुवारिक वाळून केसांवर पातळ पापुद्रा तयार करते आणि बटेला त्या आकारात धरून ठेवते. म्हणजे कडकपणा हा दोष नसून जेलने काम केल्याची खूण आहे. केस पूर्ण वाळल्यावर बटा तळहातात घेऊन खालून वर हलकेच दाबल्या की पापुद्रा मोडतो. केस मऊ होतात आणि वळण राहते. केस आतून ओले असताना असे केल्यास मात्र ते पिंजारतात.

आता पांढरे कण. कंडिशनरमध्ये बेहेनट्रायमोनियम क्लोराइडसारखे धनभारित घटक असतात. केसांचा पृष्ठभाग ऋणभारित असल्याने ते त्याला चिकटून राहतात. अनेक जेलना घट्टपणा देणारे कार्बोमरही ऋणभारित असते. हे दोन घटक एकत्र आले की परस्परांना ओढून न विरघळणारा साका बनवू शकतात. तो वाळला की कण दिसतात. हे कण केसांच्या लांबीवर असतात. कोंडा टाळूपासून सुटतो.

हे आधीच ओळखता येते. तळहातावर लीव्ह-इन आणि जेलचा एकेक थेंब घेऊन बोटाने मिसळा. मिश्रण गुळगुळीत राहिले तर जोडी चालेल. नासलेल्या दुधासारखे फुटले तर जेल बदला. क्रीम आणि जेल यांचीही अशीच चाचणी घ्या.

उदाहरणार्थ, खांद्यापर्यंतचे मध्यम दाट केस घेऊ. केस पाणी निथळत असतानाच सुमारे एक छोटा चमचा लीव्ह-इन लांबीवर पसरवा. त्यावर अर्धा चमचा क्रीम आणि शेवटी दोन चमचे जेल लावा. जेल शेवटी लावतात, कारण पापुद्रा सर्वांत बाहेर हवा. नंतर सुती टी-शर्टने पाणी टिपा आणि वाळेपर्यंत हात लावू नका.

चाचणीत मिश्रण गुळगुळीत राहूनही कण पडले, तर जेल जास्त झाले असेल किंवा अर्धवट वाळलेल्या केसांवर लावले गेले असेल. पुढच्या वेळी केस अधिक ओले ठेवून जेल निम्मे घ्या. कण नाहीत, पण बटा चिकट आणि लोंबत्या दिसतात, तर क्रीम कमी करा.